2px चं m नेमकं किती? आणि 1p का नसतं?

साधीसुधी (सांगली) | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, मी अकाउंट्समधली बाई. लेक अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे सध्या आमच्याकडे जेवताना n, l, m चालू असतं. क्लासच्या टेस्टमध्ये प्रश्न आला होता: 2px ऑर्बिटलसाठी m ची किंमत किती? पर्याय होते −1, 0, +1 आणि 'यापैकी नाही'. हिने 0 लिहिलं. उत्तरसूची म्हणते −1. हिच्या मैत्रिणीच्या क्लासमध्ये +1 शिकवलंय. दोन क्लास, दोन उत्तरं, फी मात्र दोघांची सारखीच.

तिचेच आणखी दोन प्रश्न आहेत, जे आता माझेही झालेत. एक, 2p, 3p, 4p असतं, मग 1p का नाही? 'l फक्त n−1 पर्यंत जातो' हे सगळे सांगतात. पण तो नियम झाला, कारण कुठे आहे? दुसरा, p च्या चित्रात वर एक लोब, खाली एक लोब आणि मधे न्यूक्लिअसपाशी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य. मग एकच इलेक्ट्रॉन वरून खाली जातो कसा? माझ्या वह्यांत अशी एन्ट्री निघाली तर ऑडिटर मला सोडणार नाही.

सोप्या भाषेत सांगा. गणित झेपेल, पण बेताचं.

---

खोडसाळ | रात्री ९:५२

कोणी बघत नसताना जातो.

---

पाटीखडू (लातूर) | रात्री १०:१५

ताई, मुलीला गोंधळात टाकू नका. n म्हणजे शेल केवढं, l म्हणजे आकार, m म्हणजे दिशा आणि चौथा स्पिन. l=1 असेल तर m च्या किमती तीन आणि p ऑर्बिटलही तीन. px ला −1, py ला 0, pz ला +1 असं ओळीने द्यायचं. आम्ही वर्षानुवर्षं असंच शिकवतो. परीक्षेत मुख्यतः 'खालीलपैकी कोणता संच शक्य नाही' हाच प्रश्न येतो. (2, 2, 0, +½) दिसलं की काट मारायची, कारण n=2 असताना l=2 होत नाही. (3, 1, −2, +½) दिसलं तरी काट, कारण m हा l च्या पुढे जात नाही. एवढं पक्कं झालं की मार्क पक्के. 1p का नाही याला मार्क नाहीत.

---

निवृत्त_नाना | रात्री १०:३१

माझाही नातू अकरावीत आहे आणि रोज रडतो. माझं स्पष्ट मत आहे की त्याला कॉमर्सला घालावं. ताई, आपण अकाउंट्समधल्या आहात तर कॉमर्समधल्या संधींबद्दल काही सांगाल का?

---

खोडसाळ | रात्री १०:३३

नाना, तिकडे शून्यातून पलीकडे जाता येत नाही. त्याला जीएसटी लागतो.

---

अणुरेणू | रात्री ११:२०

पाटीखडू सर, संच ओळखण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण px-py-pz ची ओळ बरोबर नाही. m हा z अक्षाच्या संदर्भातच मोजतात. म्हणून m=0 म्हणजे pz, एवढी जोडी नक्की आहे. py ला 0 देणं सरळ चूक. साधीसुधीताई, मुलीचं 0 हे उत्तर याच कारणाने px साठी बसत नाही. पण −1 ही नाही आणि +1 ही नाही. त्या टेस्टमध्ये 'यापैकी नाही' हेच खरं उत्तर होतं. ते का, हे थोडं लांबचं आहे. आधी 1p चं बघू, म्हणजे ते आपोआप सोपं होईल.

प्रत्येक ऑर्बिटलमध्ये काही जागा अशा असतात जिथे वेव्ह फंक्शन शून्य होतं. त्यांना नोड म्हणतात. नोड दोन तऱ्हेचे. एक न्यूक्लिअसमधून आरपार जाणारा, जसं 2p च्या दोन लोबांमधलं सपाट प्रतल. दुसरा न्यूक्लिअसभोवती गोल, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. आता n आणि l कडे असं बघा: एकूण नोड n−1, आणि त्यातले न्यूक्लिअसमधून जाणारे l. उरलेले सगळे गोल.

n=1 असेल तर एकूण नोड शून्य. आरपार जाणारा नोड आणायचा कुठून? म्हणून l=0, फक्त 1s. n=2 असेल तर एकच नोड मिळतो, आणि तो कसा वापरायचा याचे दोनच मार्ग आहेत. गोल ठेवला तर 2s, आरपार ठेवला तर 2p. n=3 ला दोन नोड: दोन्ही गोल म्हणजे 3s, एक गोल एक आरपार म्हणजे 3p, दोन्ही आरपार म्हणजे 3d. सरांनी काट मारलेला (2, 2, …) हा संच म्हणजे एका नोडच्या बजेटमध्ये दोन आरपार नोड मागणं.

---

साधीसुधी | रविवार, सकाळी ७:०५

बजेट म्हटल्यावर डोक्यात शिरलं. लेकीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आई, रविवार आहे."

पण मला एक खटकतंय. 'एकूण नोड n−1' हा तरी नियमच ना? म्हणजे एका नियमाच्या जागी दुसरा आला.

---

पाटीखडू | सकाळी ८:४०

मी हेच म्हणणार होतो. अणुरेणू, तुम्ही n−1 चं पाठांतर दुसऱ्या वेष्टनात दिलंत. नोडचं तुमचं म्हणणं मान्य, चित्र काढायला बरं आहे. पण कारण काही मिळालं नाही. आणि py चं 0 एका पुस्तकातही तसंच छापलेलं आहे.

---

अणुरेणू | सकाळी १०:१२

हरकत रास्त आहे, म्हणून जरा खोलात जातो.

सगळ्यात कमी ऊर्जेचं p ऑर्बिटल घ्या. त्याला एकही गोल नोड नाही, फक्त ते एक प्रतल आहे. त्याला आपण '1p' का म्हणत नाही? म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. अणुगर्भातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी जे शेल मॉडेल वापरतात, त्यात सगळ्यात खालच्या p पातळीला चक्क 1p च म्हणतात. तिथे क्रमांक l ला धरून मोजत नाहीत. म्हणजे n मोजायची पद्धत हा निम्मा भाग सोयीचा आहे.

सोय का, तर हायड्रोजनची ऊर्जा. ती −13.6/n² इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. 1s ची −13.6. त्या सगळ्यात खालच्या p ची ऊर्जा काढली तर −3.4 येते, आणि बरोबर तेवढीच 2s ची येते. एक गोल नोड किंवा एक आरपार नोड, हायड्रोजनला दोन्हींची किंमत सारखीच पडते. म्हणून दोघांना एकाच n खाली, 2 मध्ये, ठेवलं. निसर्गाने सांगितलेली गोष्ट एवढीच की −13.6 ला p ऑर्बिटल नसतं. का नसतं? कारण प्रतलाचा नोड न्यूक्लिअसमधूनच जातो. जिथे ओढ सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच p इलेक्ट्रॉनला राहता येत नाही. शिवाय वेव्ह फंक्शनला एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे व्हावं लागतं, त्या वळणालाही ऊर्जा लागते. 1s ला यातलं काहीच भरावं लागत नाही.

पुस्तकाबद्दल: छापलेलं असेल, मीही पाहिलंय. z अक्षाला m=0 देणं ही मात्र ऐच्छिक बाब नाही.

---

डग्गा (मिरज) | सकाळी ११:४८

पलीकडे जाण्याचा प्रश्न अजून तसाच राहिलाय, म्हणून मधे तोंड घालतो. मी केमिस्ट्रीवाला नाही, तबला वाजवतो. नोड शब्द वाचून थांबलो, कारण हे आमच्या हाताखाली रोज घडतं.

'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडते. टेकलेल्या बोटामुळे पुडीचा आख्खा वर-खाली होणारा ठोक दबतो, आणि सूर उरतो तो अशा हालचालीचा की पुडीचा एक अर्धा भाग वर जातो तेव्हा दुसरा अर्धा खाली. दोन्हींच्या मधे बोटाखालून जाणारी एक रेघ असते, ती हलतच नाही. सी. व्ही. रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांवर बारीक वाळू पसरून या न हलणाऱ्या रेघा पाहिल्या होत्या. वाळू हलणाऱ्या जागेवरून उडून रेघेवर जमा होते.

आता मला कोणी विचारलं की 'डाव्या अर्ध्यातला कंप रेघ ओलांडून उजवीकडे कसा गेला', तर मी काय सांगू? तो गेलाच नाही. दोन्ही अर्धे मिळून तो एकच कंप आहे. रेघेमुळे त्याचे दोन तुकडे होत नाहीत. उलट रेघ असल्यामुळेच तो 'ना' आहे. p ऑर्बिटलचं असंच काही आहे का? जाणकारांनी सांगावं.

---

खोडसाळ | सकाळी ११:५५

डग्गा यांनी चाटेबद्दल लिहिलं. आयडी बदलून घ्या.

---

अणुरेणू | दुपारी १२:३०

डग्गाजी, अगदी असंच आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. ताईंच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट लपली होती: इलेक्ट्रॉन हा छोटा मणी आहे आणि तो वरच्या लोबमधून निघून खालच्या लोबमध्ये पोचतो. 2p मधला इलेक्ट्रॉन असा प्रवास करत नाही. दोन लोब ही त्या एकाच इलेक्ट्रॉनची एकच अवस्था आहे. जागा मोजली तर कधी वर सापडेल, कधी खाली, पण दोन मोजण्यांच्या मधे तो अमुक वाटेने गेला असं म्हणायला आधार नाही.

पुडीचं उदाहरण आणखी एका ठिकाणी कामाला येतं. पुस्तकात लोबांवर + आणि − लिहिलेलं असतं. बरीच मुलं त्याला विद्युतभार समजतात. तो भार नव्हे. पुडीचा एक अर्धा वर असताना दुसरा खाली असतो, तेवढाच त्या चिन्हांचा अर्थ. सापडण्याची शक्यता काढताना वर्ग करतात, त्यामुळे दोन्ही लोब सारखेच भरतात. चिन्हं उपयोगी पडतात ती बंध बनताना, कारण + शी + जुळलं तर बंध, + शी − आलं तर उलट.

मर्यादाही सांगतो. पुडीला कड आहे, ती तिथे बांधलेली आहे. अणूला कड नाही, वेव्ह फंक्शन बाहेर विरत जातं, पण कुठेच संपत नाही. आणि पुडीचं चामडं खरंच वर-खाली होतं. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत 'काय हलतंय' याचं उत्तर शोधू नका, त्यावर मोठी माणसं अजून भांडतात.

---

निशिगंधा | दुपारी २:१०

एमएस्सीला आहे, हे सगळं संगणकावर काढून बघितलंय, म्हणून आकारांबद्दल लिहिते. आकारांच्या चित्रांनी जेवढा घोळ घातलाय तेवढा नियमांनी नाही.

s चं चित्र म्हणजे एक गोळा. त्यावरून वाटतं की इलेक्ट्रॉन गोळ्याच्या पृष्ठभागावर आहे किंवा आत सारखा पसरलाय. दोन्ही चूक. 1s ची घनता सगळ्यात जास्त ऐन न्यूक्लिअसपाशी असते आणि बाहेर जाताना सतत कमी होत जाते. चित्रातला गोळा म्हणजे 'याच्या आत इलेक्ट्रॉन ९० टक्के वेळा सापडेल' अशी आपण आखलेली सीमा आहे. हायड्रोजनच्या 1s साठी तिची त्रिज्या साधारण १.४ अँगस्ट्रॉम येते. मी ९५ टक्के ठरवले तर गोळा मोठा होईल. म्हणून 's ची साइझ' हा आकडा विचारताना किती टक्क्यांची, हेही विचारायला हवं.

मग पुस्तकात '०.५३ अँगस्ट्रॉमला सर्वात जास्त शक्यता' असं लिहिलेलं असतं ते? तेही खरं आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे. न्यूक्लिअसपाशी घनता जास्त, पण तिथे जागाच इवलीशी. बाहेर जावं तशी त्या अंतरावरची जागा वाढते, घनता घटते. दोन्हींचा गुणाकार ०.५३ ला सगळ्यात मोठा होतो. 'कुठल्या ठिकाणी' आणि 'किती अंतरावर' हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की मुलांचा गोंधळ संपतो.

2s बाहेरून बघितलं तर तसाच गोळा, फक्त मोठा. पण कापून बघा. १.०६ अँगस्ट्रॉमवर गोल नोड आहे. त्याच्या आत एक छोटा भाग, बाहेर मोठा. हायड्रोजनसाठी मी आतला भाग मोजला तर सुमारे ५ टक्के भरतो. आणि एक मजा: 2p लोबची घनता अक्षावर जिथे सगळ्यात जास्त आहे, ते अंतरही १.०६ च आहे. एक जिथे शून्य होतो नेमका तिथेच दुसरा भरात.

p च्या लोबांबद्दल: पुस्तकातले लांबट, टोकाशी निमुळते लोब बहुतेकदा फक्त कोनाचा भाग काढून मिळालेले असतात, अंतराचा भाग त्यात नसतो. खऱ्या 2p चे लोब जाड, बसके, आतल्या बाजूने चपटे असतात आणि एकमेकांना बिंदूत टेकत नाहीत. मधे प्रतलाची फट राहते.

---

साधीसुधी | दुपारी ३:३५

निशिगंधा, ते ५ टक्के माझ्या मनात अडकले. 2s चा थोडा भाग आत जातो, 2p चा जात नाही. मग दोघांची ऊर्जा सारखी कशी? वर अणुरेणू −3.4 म्हणाले दोन्हींची. पण लेकीच्या वहीत 2s खाली आणि 2p वर काढलंय.

---

निशिगंधा | दुपारी ४:२०

ताई, तुम्ही अकाउंट्समध्ये का अडकलात?

हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन, म्हणून सारखी. लिथियम घ्या. आत 1s चे दोन इलेक्ट्रॉन बसलेत, ते न्यूक्लिअसचा +3 भार बाहेरच्यापासून बराचसा झाकतात. बाहेरचा तिसरा इलेक्ट्रॉन 2s मध्ये असेल तर त्याचा तो छोटा आतला भाग या झाकणाच्या आत शिरतो आणि तिथे उघड्या न्यूक्लिअसची जोरदार ओढ मिळते. 2p ला प्रतलाचा नोड न्यूक्लिअसपाशी फिरकू देत नाही. म्हणून लिथियममध्ये 2s खाली, 2p वर. फरक सुमारे १.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. लिथियमचं मीठ ज्योतीत धरलं की ज्योत किरमिजी होते, तो ६७१ नॅनोमीटरचा लाल प्रकाश म्हणजे 2p वरून 2s वर उतरणारा इलेक्ट्रॉन. म्हणजे l फक्त आकार सांगतो हे हायड्रोजनपुरतंच. पुढे तो ऊर्जेतही बोलतो.

---

पाटीखडू | संध्याकाळी ६:०२

लिथियमचं आवडलं, वर्गात वापरीन. पण px चं अजून राहिलंय. m म्हणजे दिशा, हे तरी खरं ना? मग px ही दिशा आहे की नाही?

---

अणुरेणू | संध्याकाळी ७:४५

सर, m दिशा सांगतो, पण 'लोब कुठे बघतो' ती दिशा नव्हे. इलेक्ट्रॉनच्या कोनीय संवेगाचा z अक्षावरचा भाग किती, हे m सांगतो. m=+1 म्हणजे z भोवती एका बाजूने फिरणं, −1 म्हणजे उलट बाजूने, 0 म्हणजे z भोवती फिरणं नाही. m=+1 ची घनता काढली तर लोब दिसतच नाहीत. z भोवती एक कडं दिसतं. −1 चंही हुबेहूब तसंच कडं. चित्र बघून दोघांत फरक करता येणार नाही.

आता डग्गाजींच्या पुडीवर या. रेघ उभी असलेला कंप आणि रेघ आडवी असलेला कंप, दोन्हींचा सूर एकच, असं धरा. दोन्ही एकदम वाजवले, पण एक दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे, तर रेघ जागेवर न राहता गोल फिरू लागते. उजवीकडे फिरणारी रेघ हा एक प्रकार, डावीकडे फिरणारी हा दुसरा. उलटही खरं: उजवीकडे फिरणारा आणि डावीकडे फिरणारा समान प्रमाणात मिसळले तर रेघ पुन्हा एका जागी थांबते. px म्हणजे असं +1 आणि −1 चं समान मिश्रण. py म्हणजे त्याच दोघांचं वेगळ्या रीतीने केलेलं मिश्रण. px मधल्या इलेक्ट्रॉनचा m मोजला तर निम्म्या वेळा +1 येईल, निम्म्या वेळा −1. त्याला एकच किंमत विचारणं हाच चुकीचा प्रश्न.

मोजदाद तेवढी जुळते: तीन m, तीन p. एका तिघांच्या संचातून दुसरा तिघांचा संच बनतो. पण एकास-एक जोडी फक्त pz ची.

---

डग्गा | रात्री ८:१०

शाई ऐन मधोमध आणि सगळीकडून सारखी चढलेली असेल तरच दोन्ही रेघांचा सूर एक लागतो. नाहीतर पुडी एका घरात एक बोलते, दुसऱ्यात दुसरं, आणि हातोडी घेऊन बसावं लागतं. अणूला असं काही होतं का?

---

अणुरेणू | रात्री ८:२६

होतं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की m=+1, 0, −1 यांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. मोकळ्या अणूत सगळ्या दिशा सारख्या, म्हणून तिन्ही एकाच सुरात. बंध असलेल्या रेणूत शेजारचा अणू एक दिशा वेगळी पाडतो, आणि तिथे px-py-pz ही भाषाच सोयीची पडते. म्हणून केमिस्ट्रीवाले लोब काढतात आणि स्पेक्ट्रमवाले m लिहितात. दोघांची सोय वेगळी, आणि पुस्तकांनी दोन्ही एका तक्त्यात घातल्या.

---

फ्रँकफुर्टकर | रात्री ९:०४

चौथ्या नंबरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून गावाचा अभिमान मिरवतो. ओटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी १९२२ मध्ये इथेच चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. चांदीचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन 5s मध्ये एकटा असतो. s म्हणजे l=0, म्हणजे m फक्त 0. या तीन नंबरांच्या हिशेबाने झोत एकच राहायला हवा. काचेवर तो दोन भागांत फुटलेला दिसला. तीन नंबरांत न मावणारं काहीतरी इलेक्ट्रॉनमध्ये आहे आणि त्याच्या दोनच किमती आहेत, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. गंमत म्हणजे त्या वेळी त्यांना हे माहीतच नव्हतं. स्पिनची कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली.

---

निवृत्त_नाना | रात्री ९:२०

म्हणजे इलेक्ट्रॉन पृथ्वीसारखा स्वतःभोवती फिरतो. हे आमच्या वेळीही होतं.

---

फ्रँकफुर्टकर | रात्री ९:३१

नाना, नाव तसं पडलं, पण फिरत नाही. इलेक्ट्रॉनला छोटा चेंडू मानून तेवढा संवेग द्यायचा तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा कितीतरी वेगाने फिरवावा लागतो. ही अडचण तेव्हाच दाखवली गेली होती. +½ म्हणजे घड्याळाच्या दिशेने वगैरे बाण वर-खाली काढायला ठीक. बाकीचे तीन नंबर जागेतल्या आकाराशी बांधलेले आहेत, हा नाही. 2px मध्ये दोन इलेक्ट्रॉन बसतात त्यांचा आकार तोच, लोब तेच, फक्त हा एक नंबर वेगळा.

---

पाटीखडू | रात्री १०:००

सगळं वाचलं. तरी माझं एक म्हणणं कायम आहे. परीक्षेत −1 ला मार्क असतील आणि मुलाने 'यापैकी नाही' लिहिलं तर नुकसान त्याचं. मी वर्गात pz ला 0 सांगेन, ते पटलं. px, py बद्दल 'परीक्षेत काय मागतात ते बघा' एवढंच सांगणार. कडं आणि मिश्रण अकरावीला नको.

---

निशिगंधा | रात्री १०:१८

सर, मिश्रण नका सांगू, पण 'px ला एकच m नसतो' हे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? बारावीनंतर आम्ही पहिलं सेमिस्टर ही ओळ विसरण्यात घालवतो.

---

पाटीखडू | रात्री १०:२५

ते एक वाक्य ऐकलं की चाळीस हात वर येतात, मॅडम. उत्तरं द्यायला मी, सिलॅबस संपवायलाही मीच.

---

साधीसुधी | सोमवार, रात्री ८:५०

लेकीने क्लासमध्ये विचारलं. तिथल्या सरांनी सांगितलं, 'आपण −1 धरतो.' मार्क मिळाले नाहीत, विषय संपला. पण तिने स्वतःच एक गणित घातलंय आणि तुम्हाला तपासायला दिलंय. 3p चं चित्र. ती म्हणते, n=3 म्हणून एकूण नोड दोन. l=1 म्हणून एक आरपार प्रतल, उरला एक गोल. म्हणून तिने 3pz ला वर दोन भाग आणि खाली दोन भाग काढलेत: न्यूक्लिअसजवळ छोटे, बाहेर मोठे. चिन्हं वरच्या बाजूला आत +, बाहेर −, आणि खाली आत −, बाहेर +. पुस्तकात मात्र 3p म्हणजे 2p चंच मोठं चित्र आहे.

---

निशिगंधा | रात्री ९:१५

तिचं बरोबर, पुस्तकाचं अर्धवट. चिन्हंसुद्धा बरोबर आहेत, गोल नोड ओलांडला की चिन्ह उलटतं आणि प्रतल ओलांडलं की पुन्हा उलटतं. हायड्रोजनमध्ये तो गोल नोड ३.१७ अँगस्ट्रॉमवर येतो, म्हणजे ०.५३ च्या सहापट. तिला म्हणावं आता 4p काढ, आणि 3d ला गोल नोड का नाही ते सांग.

---

खोडसाळ | रात्री ९:१७

ताई, मुलीला सांगा, रविवारी काढ.